नवरात्राचे उपवास झाले आणि पाळी नऊ दिवस लांबली

ताई नमस्कार. मी परभणीची, वय २३, ५ डिसेंबरला लग्न ठरलंय. माझी पाळी दर २९ दिवसांनी येते म्हणजे येतेच, २० जुलै, १८ ऑगस्ट, १६ सप्टेंबर अशा तारखा आहेत. यंदा पहिल्यांदाच नवरात्राचे सगळे उपवास केले, दोन वेळा चहा, एक केळ, एक ग्लास दूध, चार खजूर, बस एवढ्यावर. रोज पहाटे अनवाणी देवीला जाऊन यायची, जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर. ४६ किलोची होते, ४३ वर आले (उंची ५ फूट २ इंच). दसऱ्यानंतर नीट जेवायलेय, आता ४५ आहे. पण पाळी १५ ऑक्टोबरला यायची होती ती आज २४ तारीख, भाऊबीज पण झाली तरी नाही. वहिनीने पण माझ्यासारखाच उपवास केला, तिची मात्र दसऱ्याला बरोबर आली. आईने तर आयुष्यभर नवरात्र केलं तिला कधीच काही झालं नाही. वरून १० आणि ११ तारखेला अंगावरून पांढरं, चिकट, तार निघावी असं जात होतं, आई म्हणायलीय अशक्तपणा आलाय आणि आत घाण रक्त साचायलंय. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली नव्हती आणि बाकी 'तसं' काही कारणही नाही. पाळी आणायची गोळी घेऊ का? आणि लग्नापर्यंत एक वेळ जेवून परत ४३ वर यायचं ठरवलंय, चालेल ना?
— एक वाचक, परभणी

बघ बाई, तू तारखा लिहून पाठवल्यास हे लई चांगलं केलंस, कारण तुझं उत्तर त्या तारखांमध्येच आहे, मला फक्त ते तुला उलगडून दाखवायचंय. गोळी घेऊ नको. माझा हिशोब खरा असेल तर तुझी पाळी उद्या-परवा येईल, पत्र छापून तुझ्या हातात पडेपर्यंत कदाचित आलेलीही असेल.

आपण सगळ्याजणी पाळी ही गोष्ट मागच्या पाळीपासून मोजतो, २९ दिवस झाले की यायलाच पाहिजे असं. पण शरीर तसं मोजत नाही. शरीर मोजतं बीज सुटल्यापासून. बीजकोशातनं बीज सुटलं की साधारण १४ दिवसांनी, कुणाला १२ कुणाला १५, पाळी येते, आणि हा बीज सुटल्यानंतरचा काळ प्रत्येक बाईत बऱ्यापैकी ठरलेला असतो, त्यात फार वरखाली होत नाही. वरखाली होतो तो आधीचा काळ, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून बीज पिकून सुटेपर्यंतचा. तो ताणला जातो रबरासारखा. तापाने ताणला जातो, परीक्षेच्या जागरणाने ताणला जातो, आणि पोटात काही नसलं की तर नक्कीच. म्हणून कुणी मला म्हणालं ना की ताई पाळी लांबली, तर मी मनात म्हणते पाळी नाही लांबली, बीज उशिरा सुटलंय, आणि मग विचारते की त्या पहिल्या पंधरवड्यात काय काय झालं होतं.

आता तुझं बघू. १६ सप्टेंबरला पाळी आली, तो पहिला दिवस धर. घटस्थापना २२ सप्टेंबरची, म्हणजे तुझा सातवा दिवस. यंदा तिथी वाढली म्हणून नवरात्र दहा दिवसांचं आलं, १ ऑक्टोबरपर्यंत, तो तुझा सोळावा दिवस. तुझी पाळी १५ ऑक्टोबरला यायची तर त्याच्या १४ दिवस आधी, म्हणजे १ ऑक्टोबरच्या आसपास बीज सुटायला पाहिजे होतं. दिसलं का? सातव्या दिवसाच्या सुमारास बीजकोशातल्या अनेक पिशव्यांमधली एक पुढे निघते, आठ-दहा दिवस वाढते आणि मग फुटते, आणि तुझे उपवासाचे दहाच्या दहा दिवस नेमके त्याच दहा दिवसांवर येऊन बसले. एक दिवस इकडे नाही का तिकडे नाही.

वहिनीला विचार तिची आधीची पाळी कधी आली होती. मला अंदाज आहे की ५ सप्टेंबरच्या आसपास, गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी वगैरे आली असणार, कारण तेव्हाच दसऱ्याला बरोबर २७-२८ दिवस भरतात. तसं असेल तर तिचं बीज १८-१९ सप्टेंबरलाच सुटून गेलं, घट बसायच्या आधी. नंतर तिने उपवास केला तरी पुढचे १४ दिवस चालूच होते, ते थोड्या दिवसांच्या उपवासाने सहसा हलत नाहीत. म्हणजे तिची तब्येत भक्कम आणि तू नाजूक असं काही नाही, तिच्या पाळीची तारीख वेगळी होती एवढंच. पुढच्या वर्षी उलटंही होऊ शकतं.

आता उपवासाने बीज का थांबतं ते सांगते, कारण हे कळलं की भीती निम्मी जाते. डोक्यात मेंदूच्या तळाशी एक छोटासा भाग आहे, हायपोथॅलॅमस म्हणतात त्याला, तो थोड्या थोड्या वेळाने ठोका दिल्यासारखा एक हार्मोन सोडतो, पाळीनंतरच्या या दिवसांत साधारण तास-दीड तासाला एक ठोका. त्या ठोक्यांवर खालची पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या हुकमावर बीजकोश. आणि याच भागाला शरीरात किती इंधन येतंय याची खबर पण लागत असते, रक्तातली साखर, इन्सुलिन, आणि चरबीतनं येणारं लेप्टिन नावाचं हार्मोन यांच्याकडून. लेप्टिनचं विशेष हे की वजन फारसं उतरायच्या आधीच, उपाशी राहिल्यावर दोन-तीन दिवसांतच ते घसरतं. मग मेंदू ठोके लांब लांब करतो, आणि वाढायला लागलेली पिशवी तिथेच रेंगाळते किंवा जिरून जाते. दुष्काळात शेतकरी बियाणं घरात आहे तरी पेरत नाही, पाऊस बघतो, तसं समज. बियाणं खराब झालेलं नसतं, पेरणी पुढे ढकललेली असते.

किती कमी खाल्लं की हे होतं, त्याचा एक ढोबळ आकडा आहे. अंगातली चरबी वजा करून जे वजन उरतं त्याच्या प्रत्येक किलोमागे, चालण्या-बिलण्यात खर्च झालेलं सोडून, दिवसाला ३० कॅलरीच्या खाली गेलं की चार-पाच दिवसांतच ठोके मंदावायला लागतात असं प्रयोगात दिसलेलं आहे. ही काही काटेकोर रेघ नाही, कुणाला थोडं वर कुणाला थोडं खाली, पण अंदाजाला बरी. तुझे ४६ किलो, त्यातली चरबी सोडून साधारण ३५ धर, म्हणजे तुला हजार-अकराशे कॅलरी तर नुसत्या घरात बसून पाहिजेत, शिवाय रोजचं पहाटेचं पाच-सहा किलोमीटर चालणं वेगळं. आणि तू काय घेतलंस, दोन चहा, केळ, दूध, चार खजूर मिळून साडेचारशे, लई झालं तर पाचशे. त्यातलेही दीड-दोनशे चालण्यात गेले. राहिलं काय?

तुझी आई काय खायची उपवासाला ते आठव बरं. माझ्या घरी तर नवरात्रात दुपारी भगर आणि वर शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी साबुदाणा नाहीतर उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू, झोपताना दूध, असं असायचं, तुमच्याकडेही यापेक्षा वेगळं नसणार. त्याची बेरीज केली तर तेराशे-चौदाशे कॅलरी आरामात होतात, शेंगदाणा आणि तूप काय कमी असतं का. म्हणजे धान्य बदललं, इंधन नाही बदललं. शरीराला आपण उपवास करायलोय हे कळतच नाही, त्याला पोहोचलेलं अन्न कळतं. म्हणून 'आम्ही पण केलेत उपवास' हे आईचं म्हणणं खरं आहे आणि तुझा त्रासही खरा आहे, दोन्हीत भांडण नाही. तसंच चतुर्थी, सोमवार, मार्गशीर्षातला गुरुवार असा एका दिवसाचा उपवास, रात्री सोडायचा, त्याने पाळीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सलग दिवस जवळजवळ काहीच न खाण्याने, कुणी निरंकार करतं, कुणी नुसत्या लवंगेवर राहतं, त्याने. आणि ज्या मुळात बारीक आहेत त्यांचं लवकर बिघडतं, गाठीला काही नसतं म्हणून. तू तर मुळातच काठावर आहेस, तुझ्या उंचीला ४६ किलो म्हणजे जेमतेम पुरेसं वजन.

आता ते पांढरं. माय, ते वाचून मला उलट आनंद झाला. १०-११ तारखेला तार निघावी असं चिकट, काचेसारखं किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं जे गेलं ते अशक्तपणाचं नव्हतं, ते बीज सुटायच्या वेळचं होतं. पिशवी वाढली की इस्ट्रोजेन वाढतं आणि त्याने गर्भाशयाच्या तोंडाशी असा पातळ, ताणला जाणारा स्राव तयार होतो, एक-दोन दिवस राहतो आणि आपोआप बंद होतो. दर महिन्याला होत असतो, आपलं लक्ष नसतं, या वेळी तू घाबरलेली होतीस म्हणून लक्ष गेलं. (वास येणारा, दह्यासारखा फुटका, हिरवट-पिवळा किंवा खाज सुटणारा असेल तर मात्र ते इन्फेक्शन, ते दाखवायचं.) म्हणजे काय झालं बघ, दसऱ्याला तू जेवायला लागलीस, काही दिवसांत ठोके पूर्ववत झाले, रेंगाळलेली किंवा नवी पिशवी आठवड्याभरात वाढली आणि ११ ऑक्टोबरच्या सुमारास बीज सुटलं. १ तारखेला सुटायचं ते ११ ला. दहा दिवस उशीर. आता ११ मध्ये १४ मिळव, २५ ऑक्टोबर. मी वर उद्या-परवा म्हणाले ते यावरून. दोन-तीन दिवस मागेपुढे होईल, छाती जड वाटणं, ओटीपोटात ओढ, चिडचिड सुरू झाली असेल तर ती पाळीचीच चाहूल.

आणि यावरूनच तुला हे पण कळेल की थोड्या दिवसांचा असा बिघाड आपोआप का निवळतो. कारण यंत्र कुठे मोडलेलंच नसतं. बीजकोश ठीक, पिट्युटरी ठीक, गर्भाशय ठीक, फक्त वरून येणारा इशारा मंद झालेला, आणि तो अन्न आलं की परत येतो. शिवाय लांबलेले दिवस शरीर पुढच्या महिन्यात वसूल करत बसत नाही, मागची उधारी ठेवत नाही. पाळी ज्या दिवशी येईल तो नवा पहिला दिवस, तिथून परत तुझे २९ सुरू. फार तर एखादा महिना दोन-चार दिवस इकडेतिकडे होईल. या येणाऱ्या पाळीत रक्तस्राव नेहमीपेक्षा थोडा कमी किंवा थोडा जास्त वाटला तरी घाबरू नको. दर तासाला पॅड भिजायला लागलं तर मात्र लगेच दाखव.

घाण रक्त साचण्याचं आईला समजावून सांग, प्रेमाने सांग, कारण ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. पाळीचं रक्त म्हणजे अंगातली घाण नाही, गर्भाशयात दर महिन्याला जो मऊ थर वाढतो आणि बीज सुटल्यावर पिकतो तोच गळून येतो. बीज दहा दिवस उशिरा तर तो थरही उशिरा पिकला, म्हणून उशिरा गळणार. आत काही अडकून सडत नसतं. आणि याच भीतीपोटी पोरी मेडिकलमधून पाळी आणायची गोळी मागतात, ज्याचं मला खरंच वाईट वाटतं. ती गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा प्रकार, काही दिवस घ्यायची, बंद केली की थर गळतो. तुझ्या अंगात बीज सुटल्यामुळे आत्ता स्वतःचं प्रोजेस्टेरॉन तयारच होतंय. त्यात वरून गोळी घातलीस तर उद्या-परवा येणारी पाळी उलट पुढे जाईल, कारण पाळी पुढे ढकलायची गोळी आणि आणायची गोळी बहुतेक वेळा एकाच जातीची असते. दुसऱ्या वाचकांसाठी हेही सांगून ठेवते, नवरात्रात ज्यांनी ढकलायची गोळी घेतली होती त्यांचा हिशोब या हिशोबात बसणार नाही, त्यांची पाळी गोळी बंद केल्यापासून मोजायची, साधारण दोन-तीन दिवसांत येते, फार तर आठवड्यात. तीळ-गूळ, पपई, ओवा हे खायचं तर खा, पोटाला चांगलंच आहे, पण त्याने तारीख बदलत नाही.

'तसं कारण नाही' म्हणालीस ते मी खरं धरलंय. पण ज्या कुणाच्या बाबतीत संबंध आलेला आहे, एकदाच का असेना, त्यांनी उपवासाला दोष द्यायच्या आधी मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करायची. पाळी लांबलेली असताना पहिली शंका तीच, लाजून चालत नाही.

तुझी २८-२९ ऑक्टोबरपर्यंत आली तर कुणाला दाखवायची गरज नाही. तेव्हाही नाही आली तर माझा बीजाचा अंदाज चुकला असं समज, नीट जेवत राहा आणि वाट बघ. १५ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आधीच्या पाळीला दोन महिने होईपर्यंत, काहीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचा. एरवी नियमित पाळी तीन महिने आली नाही तर दाखवा असं आम्ही सांगतो, तुझं वजन कमी आहे म्हणून मी एक महिना अलीकडे आणायलेय. तिथे थायरॉइड, प्रोलॅक्टिन या रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी सांगतील, घाबरू नको. छातीतून दुधासारखं येणं, चेहऱ्यावर एकदम केस वाढणं, चक्कर येऊन पडणं असं काही असेल तर तेवढीही वाट बघायची नाही, कारण मग ते उपवासाचं नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, त्याचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. नवरात्रात तीन किलो उतरले म्हणतेस, पण त्यातली चरबी आणि मांस मिळून दीड किलो असेल नसेल, बाकीचं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की ते पाणी जातं, काट्यावर किलो उतरल्यासारखं दिसतं. जेवलीस की दोन किलो परत आले ते म्हणूनच, त्यात तुझं काही चुकलं नाही. आणि ४३ वर तू तुझ्या उंचीला सरळसरळ कमी वजनाची होतेस. दहा दिवसांचा उपवास शरीर माफ करतं, पण तेच सहा आठवडे केलंस तर मेंदू ठोके मंद करून तसाच बसून राहतो. मग पाळी लांबत नाही, बंदच होते, आणि तिला परत यायला कधी कधी महिनोन् महिने लागतात. त्या काळात इस्ट्रोजेन कमी पडल्याने हाडंही झिजायला लागतात. तुझं वजन उतरवायची गरजच नाही, ब्लाउज आहे त्या मापाचा शिव. दोन वेळचं जेवण, भाकरी, वरण, भाजी, दही, मूठभर शेंगदाणे, आणि सकाळी नाश्ता, एवढं ठेव.

एक हिशोब मात्र लग्नाचा म्हणून करून ठेव. पाळी २५ ऑक्टोबरला आली तर पुढची २३ नोव्हेंबरला येईल, ५ डिसेंबरला तुझा तेरावा दिवस असेल, हळद-लग्न सगळं मोकळं, ढकलायची गोळी लागणारच नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे परत नेमकं बीज वाढायच्या दिवसांत, एक वेळ जेवायला लागलीस आणि या वेळेसारखीच ती दहा-अकरा दिवस लांबली, तर येईल ३ किंवा ४ डिसेंबरला, बरोबर हळदीच्या दिवशी.